स्वागताच्या भाषणातली मासळी

ते भाषण मी सहा वेळा टाइप केलं होतं. प्रत्येक वेळी मॅनेजरसाहेब दोन शब्द बदलायचे, आणि दोन शब्दांसाठी मला सगळी पानं नव्याने काढावी लागायची. त्यामुळे शिकाऊ मंडळी आली त्या सकाळी साहेब भाषणाला उभे राहिले तेव्हा पुढचं वाक्य कोणतं येणार, हे त्यांच्याआधी मला ठाऊक होतं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. मॅट्रिक झाले होते, पालघरला टायपिंगचा क्लास केला होता आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू व्हायच्या आत नोकरीला लागले होते. साठीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. तारापूरकडे समुद्राकाठी वीज केंद्राचं मोठं बांधकाम चाललं होतं आणि त्यासाठी परदेशी इंजिनियर बायकामुलांसह येऊन राहिले होते. त्यांच्या राहण्याजेवणाची सोय पाहायला मुंबईच्या एका हॉटेल कंपनीने तिथे गेस्ट हाउस चालवायला घेतलं होतं. बैठी चाळीस खोल्यांची इमारत, एक मोठा डायनिंग हॉल, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे लाँड्री. बोईसर स्टेशनापासून आमच्यापर्यंत सगळे जण त्याला नुसतं 'हॉटेल' म्हणायचे. मी सकाळच्या गाडीने पालघरहून बोईसरला यायची, आणि तिथून हॉटेलची जीप आम्हा चारपाच जणांना घेऊन जायची.

मॅनेजरसाहेब पूर्वी परदेशी जाणाऱ्या बोटीवर जेवणाच्या विभागात होते. कोणत्या हुद्द्यावर होते हे नक्की कुणालाच माहीत नव्हतं, कारण तो हुद्दा सांगणाऱ्यागणिक आणि पेल्यागणिक वाढत असे. जन्म गिरगावातला. तरी मराठी बोलायची वेळ आली की तोंडात गरम बटाटा असल्यासारखं बोलत. आमच्याशी इंग्रजीत आणि नोकरांशी बोटीवरच्या हिंदीत. उन्हाळ्यातही कोट. डायनिंग हॉलमध्ये एक उभा आरसा होता, तो म्हणे पाहुण्यांसाठी होता. साहेबांइतका वेळ त्याच्यासमोर एकही पाहुणा उभा राहिला नसेल.

त्या वर्षी कंपनीने मॅनेजर होण्यासाठी चार शिकाऊ उमेदवार घेतले. मुंबईतल्या मोठ्या हॉटेलात कामं वाटलेली असतात, शिकणाऱ्याला एकाच कोपऱ्यात उभं राहावं लागतं. आमच्याकडे सगळंच लहान, त्यामुळे सगळंच नजरेसमोर. म्हणून पहिले सहा महिने त्यांना आमच्याकडे पाठवायचं ठरलं. स्वयंपाकघर, वाढप, खोल्यांची व्यवस्था, लाँड्री, भांडार आणि स्वागतकक्ष असे प्रत्येक विभागात काही आठवडे. प्रत्येकाला बांधीव, पानांना नंबर घातलेली एक डायरी मिळणार. आज काय काम केलं, काय शिकलो, हे त्यात रोज इंग्रजीत लिहायचं. शुक्रवारी साहेबांनी सही करायची आणि शनिवारी डायऱ्या मुंबईच्या कचेरीत शिक्षण पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जायच्या. सोमवारी-मंगळवारी त्या परत यायच्या.

ही बातमी आली आणि साहेबांनी भाषण लिहायला घेतलं. तीन आठवडे हॉटेलात दुसरं काही नव्हतं. पाच पानांच्या भाषणात शिकाऊ उमेदवारांवर दीड पान होतं, बाकीच्या साडेतीन पानांत साहेब स्वतः होते. आणि त्यातलं एक पानभर ती मासळीची गोष्ट.

ती गोष्ट मी पहिल्यांदा टाइप करायला घेतली तेव्हा माझी बोटं थांबली. मी मागच्याच हिवाळ्यात तिथे होते. काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

रविवार होता. दिल्लीहून आणि परदेशातून वरचे लोक बांधकाम पाहायला आले होते, त्यांना दुपारचं जेवण होतं. चाळीसएक पानं. मटण आणि मासे मुंबईहून बर्फाच्या पेट्यांत रेल्वेने यायचे. त्या दिवशी वाटेत इंजिन बिघडलं आणि गाडी कित्येक तास उन्हात उभी राहिली. पेट्या हॉटेलात आल्या तेव्हा खालून पाणी गळत होतं. आमचा मुख्य आचारी गोव्याचा, पोटाने सुटलेला शांत माणूस. त्याने एका पेटीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण परत बसवलं.

साहेब आले, त्यांनी पेटीकडे पाहिलं, आचाऱ्याला शिव्या दिल्या. मग ऑफिसात जाऊन त्यांनी मुंबईला ट्रंक कॉल बुक केला आणि आतून कडी लावून घेतली. कॉल लागायला तिथे दोन-दोन तास लागायचे, हे त्यांना आमच्याइतकंच माहीत होतं. मुंबईला फोन लागून मटण काय तारेतून येणार होतं? पण कडी लावून बसायला ते कारण पुरेसं होतं.

भांडी घासायला आमच्याकडे चिंचणीकडची एक कोळीण होती. चाळिशीची, काळी, ठसठशीत. सगळे तिला बाय म्हणत. ती हात पुसत पुढे आली आणि आचाऱ्याला म्हणाली, "भरती लागलीय. होड्या येतील आता. जीप देता का?"

आचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी ड्रायव्हरकडे पाहिलं. साहेबांना विचारायला कुणी गेलं नाही. बाय जीपमध्ये पुढे बसून गेली. तासाभरात आली ती पापलेटांनी भरलेले दोन टोपले आणि एका गोणपाटात हलणारे शेवंडे, म्हणजे लॉब्स्टर, घेऊन. तिच्या दिराची होडी होती. मागच्या अंगणात विळी घेऊन ती बसली आणि मी पाहत असताना तिने एवढे मासे साफ केले, की आमच्या आचाऱ्याचे दोन मदतनीस नुसते टोपले उचलत राहिले. आचाऱ्याने लोणी, लसूण आणि लिंबू घालून ते भाजले. बरोबर ठरल्या वेळी जेवण वाढलं गेलं. परदेशी पाहुण्यांनी शेवंडे पाहून टाळ्या वाजवल्या, आणि हे कुणाचं काम, असं कुणीतरी विचारलं.

तेवढ्यात ऑफिसची कडी निघाली. साहेब भांग पाडून बाहेर आले आणि दोन्ही हात जोडून त्यांनी मान झुकवली.

भाषणात ते असं होतं: "त्या क्षणी मी कोट उतरवला, जीपची किल्ली घेतली आणि स्वतः बंदरावर गेलो. एक-एक मासा मी माझ्या हाताने निवडला. मित्रहो, ह्यालाच नेतृत्व म्हणतात."

मी कागद घेऊन आत गेले. म्हटलं, "सर, त्या दिवशी बंदरावर बाय गेली होती."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मिस, तुम्हाला इथे टाइप करायला ठेवलंय की दुरुस्त करायला?"

"टाइप करायला, सर."

"मग करा."

मी केलं. सहा वेळा केलं. त्यांचा राग येत होता असं आज लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे मला नोकरी जाण्याची भीती वाटत होती. मी पाचव्या वेळी तर 'नेतृत्वा'चा लांब इंग्रजी शब्द खोडरबर न लावता बिनचूक काढला याचा मला आनंदही झाला होता.

चौघं आले ते सोमवारी. तीन मुलगे आणि एक मुलगी. मुलगे मुंबईचे, खाद्यव्यवस्थेच्या कॉलेजातून शिकून आलेले. पांढरे शर्ट, काळ्या पँट, चकचकीत बूट. जीपमधून उतरताच त्यांतल्या एकाने नाकाला रुमाल लावला. वारा समुद्राकडून होता आणि किनाऱ्यावर बोंबील वाळत होते. दुसरा म्हणाला, आपण केळव्याला सहलीला आलो होतो, पण तिकडे एवढा वास नव्हता. मला ते तिघं पहिल्या मिनिटात नकोसे झाले. मुलगी पुण्याची. पांढरी सुती साडी, केसांची घट्ट वेणी, बोलायची कमी. तीही मला आवडली नाही. हॉटेलात मॅनेजर व्हायला निघालेली बाई त्या काळी मी पाहिली नव्हती, आणि जे आपण करू धजलो नाही ते दुसरीने केलं की आपण तिला आगाऊ म्हणतो, तसं मी तिला मनात आगाऊ म्हटलं.

न्याहारी उरकल्यावर आणि दुपारची टेबलं लागायच्या आधी डायनिंग हॉल रिकामा असतो. तिथे चार खुर्च्या एका रांगेत मांडल्या होत्या. बाजूला आचारी, खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या पोक्त अँग्लो-इंडियन बाई, लाँड्रीचा मुकादम आणि मी, असे उभे. साहेबांना आजूबाजूला माणसं लागत. चहा द्यायला वाढप्यांपैकी कुणी नव्हतं, म्हणून बायला स्वच्छ लुगडं नेसवून ट्रे हातात दिला होता.

साहेब आरशाला पाठ करून उभे राहिले. का, ते मला नंतर कळलं. त्यामुळे समोरच्यांना साहेब पुढूनही दिसत होते आणि मागूनही.

सुरुवात त्यांनी नखांपासून केली. "हात पुढे." चौघांनी हात पुढे केले. साहेबांनी ओळीने पाहिलं, एका मुलाला म्हणाले, "हे हात घेऊन माझ्या पाहुण्याच्या बशीजवळ जाऊ नका." मग भाषण सुरू झालं.

"सज्जनहो आणि बाई, तुमचं स्वागत आहे. तुम्ही कॉलेजात काय शिकलात ते विसरा. आज तुम्ही काहीही नाही. ह्या इमारतीत तुमच्यापेक्षा खालचं फक्त एक आहे, ते पायपुसणं. सहा महिन्यांनी तुम्ही कोण व्हाल, ते मी ठरवीन."

मुलगे हसले. हसायचं आहे असं त्यांना वाटलं. साहेबांनी हसू मावळेपर्यंत वाट पाहिली.

त्या भाषणात कामाचं काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. पाहुण्याच्या खोलीत पाहिलेलं आणि ऐकलेलं खोलीतच सोडून यायचं. दार वाजवल्याशिवाय आणि उत्तर आल्याशिवाय आत जायचं नाही. तक्रार करणाऱ्याशी वाद घालायचा नाही, आधी ऐकायचं, मग माफी मागायची, मग दुरुस्त करायचं. आजारी असाल तर सुट्टीच्या आधी कळवायचं, नंतर नाही. ज्या विभागात असाल तिथल्या प्रमुखाचं ऐकायचं, तो तुमच्याहून कमी शिकलेला असला तरी. हे सगळं खरं होतं, आणि मी ते टाइप करताना मनात धरलंही होतं. पण साहेबांच्या तोंडून ते असं येत होतं, जणू दार वाजवण्याचा शोध त्यांनीच लावला.

"आणि एक लक्षात ठेवा," ते म्हणाले. "तुम्ही इथे जंगलात आला आहात. इथले लोक अडाणी आहेत. त्यांच्याकडून काम करून घ्यायचं असतं, त्यांच्याकडून शिकायचं काही नसतं."

बाय तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला ट्रे धरून उभी होती. भाषण इंग्रजीत. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती कपांकडे पाहत होती, कारण चहा गार होत होता.

मग मासळीची गोष्ट आली. इंजिन बिघडलं, पेट्या गळल्या, आचारी रडकुंडीला आला. आचारी माझ्या शेजारी उभा होता. त्याला इंग्रजी येत होतं. त्याने छताकडे पाहिलं. साहेबांनी कोट उतरवायचा अभिनय केला, किल्ली उचलायचा केला, वाकून एक न दिसणारा मासा हातात घेतला आणि त्याचे कल्ले बोटाने उघडून पाहिले. आरशात त्यांची पाठ वाकलेली दिसत होती. तिन्ही मुलगे मन लावून ऐकत होते. मुलगी साहेबांकडे पाहतच नव्हती. ती आचाऱ्याकडे पाहत होती, मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी पटकन नजर वळवली, आणि ती माझी पहिली चूक. निर्दोष माणूस नजर वळवत नाही, हे तिने ओळखलं.

भाषणानंतर विभाग दाखवायला साहेबांनी मलाच पाठवलं. शिकाऊ लोकांना घेऊन ओट्याजवळ उभं राहणं त्यांच्या इभ्रतीत बसत नव्हतं. मी चौघांना भांडार दाखवलं, बर्फाची खोली दाखवली, लाँड्री दाखवली. शेवटी भांडी घासायची जागा. बाय तिथे परत आपल्या जुन्या लुगड्यात उकिडवी बसली होती.

मुलगे दारातच थांबले. मुलगी आत गेली आणि मराठीत म्हणाली, "बाई, मागच्या वर्षी ते मासे आणले त्या दिवशी तुम्ही होतात का इथे?"

बायने मान वर केली. "कंच्या दिशी? साहेब लोक जेवायला आलते त्या दिशी? होते की. मीच तं आनली मासली."

"तुम्ही?"

"मंग कोन जानार? पेटीला वास मारत होता. मी बोलले, जीप द्या. दिराची होडी लागली होती. पापलेट कवढा मोठा होता, ताटाएवढा." तिने दोन्ही ओले हात ताटाएवढे पसरले. "का वो? कोन काय बोलला?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मुलगेही माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "चला, अजून स्वागतकक्ष राहिलाय." ही माझी दुसरी चूक, आणि भित्रेपणात मी साहेबांच्या फारशी मागे नाही हे मला तेव्हाच कळलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी साहेबांनी चार डायऱ्या सहीसाठी मागवल्या. मुलांच्या डायऱ्यांत सोमवारच्या पानावर एकसारखा मजकूर होता: 'मॅनेजरसाहेबांच्या प्रेरणादायी भाषणातून नेतृत्व म्हणजे काय ते शिकलो.' एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलं असणार, कारण चूकही एकाच शब्दात होती. मुलीने लिहिलं होतं: 'आज शिकले की पुरवठा बिघडला तर आधी जवळ काय मिळतं ते पाहावं आणि जवळच्या माणसाला विचारावं. मागच्या हिवाळ्यात इथे भांडी घासणाऱ्या बाईंनी बंदरावरून मासळी आणली आणि साफ केली, म्हणून जेवण वेळेवर झालं. हे त्यांच्याकडून समजलं. भाषणात हे वेगळं सांगितलं गेलं.'

ही पानं मी पाहिली कारण साहेबांनी मला आत बोलावून डायरी माझ्यासमोर टाकली.

"हे तुम्ही सांगितलं तिला?"

"नाही, सर. बायनेच सांगितलं. तिने विचारलं म्हणून."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. पान फाडायला त्यांनी हात घातला आणि थांबले. पानांना नंबर होते. ती युक्ती कंपनीने कशासाठी केली ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं.

"ही डायरी ठेवून घ्या. बाकीच्या तीन उद्या पाठवा. आणि एक पत्र काढा. उमेदवार शिस्तीत बसत नाही, नोकरांशी सलगी करते, ह्या व्यवसायाला योग्य नाही. आणि सोमवारपासून तिला लाँड्रीत टाका. बाकी विभाग नंतर पाहू."

मी पत्र टाइप केलं. त्यात 'सलगी' या शब्दापाशी मी थांबले नाही, कुठेच थांबले नाही. साहेबांनी सही केली. बाहेर जाणारं टपाल माझ्या ताब्यात असे. जावक वहीत नोंद करायची, पिशवी शिवायची, शनिवारी सकाळी जीपबरोबर बोईसर स्टेशनला द्यायची. शनिवारी सकाळी मी तीन डायऱ्या बांधल्या. मग चौथी घेतली आणि त्यांच्यावर ठेवली. तिच्यावर साहेबांची सही नव्हती. पत्र तिच्या सोमवारच्या पानात घातलं, म्हणजे उघडणाऱ्याला ते पान आधी दिसेल. जावक वहीत लिहिलं: डायऱ्या चार, पत्र एक. ते खरं होतं. आठवडाभरात मी लिहिलेल्या कागदांपैकी तेवढाच खरा असेल.

हे धाडस वगैरे काही नव्हतं. मला त्या पुण्याच्या मुलीसमोर स्वतःची लाज वाटत होती. आणि त्याहून जास्त, त्या माणसाच्या लाल चेहऱ्याची किळस आली होती.

मुलगी पंधरा दिवस लाँड्रीत होती. भट्टीजवळ चादरी उकळायच्या, पिळायच्या, मोठ्या इस्त्रीने काढायच्या, घड्या घालायच्या. मुलगे तोवर पांढरी टोपी घालून आचाऱ्याकडे सॉस ढवळत होते. तिघांपैकी एकही तिच्याकडे एकदाही गेला नाही. जेवताना तिच्या टेबलावर बसायचंही त्यांनी सोडलं. मी एकदा चहाचा कप नेला. मान खाली घालून चादरीचा काठ काठाला जुळवत ती म्हणाली, "मुकादम म्हणतात, लोक डाग आधी पाण्यात टाकतात आणि मग शोधतात. आधी शोधायचा असतो." आणि मग सहज म्हणाली, "डायरी गेली ना?"

"गेली."

"बरं झालं," एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात मुंबईहून शिक्षण पाहणारे अधिकारी आले. दक्षिणेकडचे, बारीक, मितभाषी गृहस्थ. त्यांना मराठी येत नव्हतं. मुलीची डायरी मुंबईहून परत आलीच नव्हती, आणि साहेब समजत होते की ती माझ्या कपाटात आहे. साहेबांनी हॉलमध्ये फुलं लावली, कोटाला नवा रुमाल लावला. अधिकाऱ्यांनी जेवण केलं, चौघांना भेटून भाषणात काय काय होतं ते विचारलं, खोल्या पाहिल्या, आणि मग म्हणाले, "त्या मासळी आणणाऱ्या बाई इथे आहेत का?"

साहेब हसले. "सर, ती अशिक्षित बाई आहे. तिला काही सांगता यायचं नाही."

"मिस भाषांतर करतील."

बायला बोलावलं. ती आली, पदराला हात पुसत. ऑफिसात साहेब, अधिकारी, बाय आणि मी. अधिकाऱ्यांनी विचारलं, मी मराठीत सांगितलं: त्या रविवारी बंदरावर कोण गेलं होतं, हे ह्यांना जाणून घ्यायचंय.

बायने आधी साहेबांकडे पाहिलं. मला वाटलं ही आता घाबरेल, म्हणेल साहेबच गेले होते, आणि ती तसं म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता. तिच्या घरी सहा खाणारी तोंडं होती.

"साहेब गेलते असा बोलतात का ते?" तिने मला विचारलं.

"हो."

"मंग त्यांना इचारा, होडी कोनाची होती? न् पापलेट ताजा कसा वलखायचा, ता पन इचारा."

मी त्याचं इंग्रजी केलं. शब्दाला शब्द, अजिबात सौम्य न करता. इतकं चांगलं इंग्रजी मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

अधिकारी साहेबांकडे वळले. साहेब म्हणाले, "सर, ही एक पद्धत असते बोलण्याची. बोटीचा कप्तान असतो. बोट किनाऱ्याला लागली की कप्तानाने लावली असंच म्हणतात."

"पण तुम्ही एक-एक मासा हाताने निवडला असं म्हणालात."

साहेबांनी कोटाचा नवा रुमाल नीट केला. बाय मला हळूच म्हणाली, "कायतरी बोलला का तो?" मी म्हटलं, "नाही."

एवढ्यावरून साहेबांना काढलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने मोठ्या कंपन्या पाहिलेल्या नाहीत. साहेब जागेवर राहिले, आणि चौथी डायरी कुणी पाठवली हे त्यांनी मला कधी विचारलं नाही; विचारलं असतं तर पुन्हा मासळीवर यावं लागलं असतं. मुलीला लाँड्रीतून काढून ठरलेल्या क्रमावर परत आणलं, पत्र रद्द केलं. पण जाण्याआधी त्या मितभाषी गृहस्थांनी तिला माझ्यासमोर सांगितलं, "पुढच्या वेळी डायरीत फक्त कामाचं लिहीत जा." म्हणजे त्यांनाही खरं कळायला हवं होतं, लिहिलेलं नको होतं. ती "हो, सर" म्हणाली आणि पुढेही जे लिहायचं तेच लिहीत राहिली. सहा महिने पूर्ण करून ती मुंबईला गेली. मुलांपैकी दोघांनी वर्षाच्या आत कंपनी सोडली. तिसरा, नाकाला रुमाल लावणारा, पुढे चांगला मॅनेजर झाला असं ऐकलं. कसला झाला असेल ते मला पाहायला मिळालं नाही.

पुढच्या वर्षी दुसरी तुकडी आली तेव्हा भाषणात मासळी होतीच. आता साहेब म्हणत, "मी स्वतः तयार केलेल्या माझ्या एका साध्या कामगार स्त्रीने..." तेही मीच टाइप केलं.

मुंबईच्या कचेरीने बायसाठी एक प्रशस्तिपत्र द्यायला सांगितलं होतं. मजकूर साहेबांनी लिहिला, सही केली, आणि बायला दिलं. ती ते घडी करून माझ्याकडे आली. "वाच गं."

मी वाचलं, मराठीत करून सांगितलं. कर्तव्यनिष्ठा, संस्थेविषयी आपुलकी, वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली केलेली सेवा.

"यात पापलेट कुटं हाय?"

"नाही लिहिलेलं."

"होडी?"

"तीही नाही."

तिने कागद परत घडी केला. "मंग यो दुसऱ्या कुनाचा हाय," म्हणाली आणि माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी तो बराच वेळ तसाच ठेवला. संध्याकाळी जीप निघायच्या आधी मी कोरा कागद घेतला आणि हाताने मराठीत लिहिलं: अमक्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या ह्या बाईंनी रविवारी बंदरावर जाऊन दिराच्या होडीतून पापलेट आणि शेवंडे आणले, विळीवर स्वतः साफ केले आणि चाळीस माणसांचं जेवण वेळेवर झालं. हे मी पाहिलं.

खाली माझी सही केली आणि बायला वाचून दाखवलं. टायपिस्टच्या सहीला किंमत काय, हे बायला ठाऊक होतं आणि मलाही. तिने कागद उलटसुलट करून पाहिला, कमरेला खोचला आणि म्हणाली, "चल, जीप सुटेल तुजी."